संकल्पना, उदाहरण आणि सोडविलेला प्रश्न : जलवाहिनीच्या एका पाठाची मांडणी

अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना द्रवयांत्रिकी हा विषय शिकविला जातो. त्यात जलवाहिनीतील घर्षणाचा एक छोटा पाठ असतो. पाठ तासाभराचा असून त्यातील मुख्य सूत्र एका ओळीत मावते. परंतु उंच टाकीतून निघालेले पाणी गावाच्या शेवटच्या घरापर्यंत कितपत दाबाने पोहोचेल, याचा निर्णय याच सूत्रावर अवलंबून असतो. हा पाठ अर्धवट समजलेला विद्यार्थी पुढे पाणीपुरवठ्याचे अंदाजपत्रक तयार करू लागला, तर त्याची चूक कागदावर दिसत नाही. ती गावाच्या टोकाला कोरड्या तोटीच्या रूपाने दिसते आणि तोपर्यंत जलवाहिनी जमिनीत पुरलेली असते.

पूर्वी हा पाठ फळ्यावर खडूने शिकविला जात असे. त्यानंतर पारदर्शिका आल्या आणि आता संगणकावर तयार केलेल्या स्लाइड पडद्यावर दाखविल्या जातात. फळ्यावर लिहिताना अध्यापकाच्या हाताचा वेग विद्यार्थ्याच्या विचाराच्या वेगाशी आपोआप जुळत असे. पडद्यावर मात्र दहा ओळींचे गणित एका क्षणात उमटते. विद्यार्थी ते उतरवून घेतो, पण दुसऱ्या ओळीवरून तिसरी कशी आली, हे त्याला विचारले तर सांगता येत नाही. म्हणूनच स्लाइड तयार करताना क्रमाला महत्त्व येते. प्रथम संकल्पना, नंतर उदाहरण आणि शेवटी पूर्ण सोडविलेला प्रश्न हा क्रम अनेक अध्यापक पाळतात. या तीन पायऱ्यांपैकी प्रत्येकीचे काम वेगळे आहे. ते कसे, हे घर्षणाच्या याच पाठावरून पाहता येईल.

संकल्पनेची स्लाइड

पहिल्या स्लाइडवर सूत्र नसावे, चित्र असावे. एक आडवी, सारख्या व्यासाची जलवाहिनी टाकीला जोडलेली आहे. तिच्यावर दोन ठिकाणी, वर उघड्या असलेल्या दोन उभ्या बारीक नळ्या बसविल्या आहेत. जलवाहिनीच्या टोकाची झडप बंद असताना दोन्ही नळ्यांत पाणी टाकीतील पातळीइतकेच चढते. झडप उघडून पाणी वाहू लागले की दोन्ही नळ्यांतील पाणी खाली येते, आणि टाकीपासून दूर असलेल्या नळीत ते जवळच्या नळीपेक्षा अधिक खाली येते. दोन पातळ्यांमधील हा फरक म्हणजेच घर्षणामुळे झालेली उंचीची घट होय. वाहत्या पाण्याची भिंतीशी आणि आपल्याच थरांशी झीज होते, तीत खर्ची पडलेली शक्ती अत्यल्प उष्णतेच्या रूपाने निघून जाते आणि परत मिळत नाही.

या चित्रातून विद्यार्थ्याच्या मनात दोन गोष्टी पक्क्या व्हाव्या लागतात. पाण्याचा दाब उंचीने मोजता येतो, ही पहिली; आणि पाणी स्थिर असताना दिसणारा दाब ते वाहू लागल्यावर टिकत नाही, ही दुसरी. योजनेच्या चाचणीच्या वेळी सर्व तोट्या बंद ठेवून दाब पाहिला, तर तो नेहमीच उत्तम दिसतो. त्यावरून जलवाहिनी पुरेशी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

यानंतरच्या स्लाइडवर सूत्र येते :

h_f = f L V² / (2 g D)

येथे h_f ही मीटरमध्ये मोजलेली उंचीची घट, L ही जलवाहिनीची लांबी, D हा तिचा आतला व्यास, V हा पाण्याचा वेग आणि g हे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण, म्हणजे ९.८१ होय. f हा जलवाहिनीचा खडबडीतपणा आणि प्रवाहाची स्थिती यांवर अवलंबून असणारा घर्षणांक असून त्याला एकक नसते. जर्मन अभियंता ज्यूलियस वाइसबाख याने १८४५ साली हे सूत्र या रूपात मांडले. फ्रान्समधील दिजों शहराला पाणी आणून देणाऱ्या आँरी दार्सी या अभियंत्याने निरनिराळ्या नळांवर केलेले प्रयोग १८५७ साली प्रसिद्ध झाले. आज हे सूत्र या दोघांच्याही नावाने ओळखले जाते.

प्रत्येक अक्षराचा अर्थ आणि एकक सूत्राच्या शेजारी, त्याच स्लाइडवर असले पाहिजे. ते मागच्या स्लाइडवर राहिले, तर विद्यार्थ्याचे अर्धे लक्ष ते आठवण्यात जाते आणि सूत्र समजून घेण्यास उरलेले अर्धेच लक्ष मिळते.

उदाहरणाचे काम

उदाहरण आणि सोडविलेला प्रश्न यांत गल्लत होऊ देता कामा नये. उदाहरणात निर्णय घ्यावयाचा नसतो. सूत्रातील राशी प्रत्यक्षात केवढ्या असतात, याचा अंदाज देणे एवढेच त्याचे काम असते. म्हणून त्यातील आकडे सोपे आणि एकाच हिशेबाचे असावेत.

समजा, १०० मीटर लांबीच्या आणि १०० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या जलवाहिनीतून पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत आहे आणि घर्षणांक ०.०२ आहे. वेगाच्या वर्गाला २ g ने, म्हणजे १९.६२ ने भागल्यास ०.०५१ मीटर येते. लांबीला व्यासाने भागल्यास १००० येते. या दोहोंना ०.०२ ने गुणले की घट १.०२ मीटर मिळते. म्हणजे अशा जलवाहिनीत दर शंभर मीटरला सुमारे एक मीटर उंची खर्ची पडते.

त्याच स्लाइडच्या खालच्या भागात एकच बदल करून दाखवावा. वेग दुप्पट केला, तर घट दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे ४.१ मीटर होते. विद्यार्थ्याला येथे एक माप हाती लागते. पुढे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर आले की ते या मापाशी ताडून पाहता येते. या मापाच्या कितीतरी पट दूर असलेले उत्तर आले, तर हिशेबात काहीतरी चुकले आहे, हे त्याला अध्यापकाने सांगावे लागत नाही.

सोडविलेला प्रश्न

आता प्रश्न. एका गावाची लोकसंख्या १,५०० आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरविले असून तेच येथे धरावयाचे आहे. पाणी दिवसातून एकूण तीन तास सोडले जाते. टाकीपासून गावाच्या टोकापर्यंतचे अंतर १,२०० मीटर आहे. टाकीतील पाण्याची सर्वांत खालची पातळी टोकाच्या घराजवळील जमिनीपेक्षा २२ मीटर उंच आहे. टोकाला किमान ७ मीटर दाब शिल्लक राहिला पाहिजे. घर्षणांक ०.०२ मानून जलवाहिनीचा व्यास ठरवावा.

ही सर्व माहिती परिच्छेदाच्या रूपाने न देता चित्रावरच लिहावी : टाकीजवळ तिची पातळी, जलवाहिनीवर लांबी, टोकाला शिल्लक दाब. टाकी भरलेली असतानाची पातळी न घेता सर्वांत खालची का घेतली, हेही चित्रापाशीच एका वाक्यात सांगावे. टाकी रिकामी होत आली असतानाही शेवटच्या घराला पाणी मिळावे, हे त्याचे कारण आहे.

पहिल्या पायरीत किती पाणी वाहून न्यावयाचे, ते काढावयाचे. १,५०० माणसांना ५५ लिटरप्रमाणे ८२,५०० लिटर लागतात. तीन तासांचे १०,८०० सेकंद होतात. म्हणजे दर सेकंदाला ७.६४ लिटर, किंचित वाढवून ८ लिटर.

दुसऱ्या पायरीत किती घट परवडेल, ते पाहावयाचे. उपलब्ध उंची २२ मीटर, त्यातून ७ मीटर शिल्लक ठेवावयाची, म्हणजे घर्षणात फार तर १५ मीटर खर्ची पडू द्यावयाची. हीच पायरी विद्यार्थी सर्वाधिक वेळा गाळतात आणि सगळी २२ मीटर उंची घर्षणासाठी वापरून मोकळे होतात. तसे केल्यास पाणी टोकापर्यंत जाते, परंतु तेथे ते जमिनीच्या वर चढत नाही.

तिसऱ्या पायरीत व्यास. वेगाऐवजी विसर्ग आणि व्यास घालून सूत्र मांडले, तर घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, असे दिसते. त्यावरून हवा असलेला व्यास ९६.७ मिलिमीटर येतो. म्हणून १०० मिलिमीटर आतल्या व्यासाची जलवाहिनी निवडावयाची.

चौथी पायरी पडताळ्याची. १०० मिलिमीटर व्यासात ८ लिटर विसर्गाचा वेग सेकंदाला १.०२ मीटर येतो आणि १,२०० मीटरमध्ये घट १२.७ मीटर होते. उदाहरणातून मिळालेले माप दर शंभर मीटरला सुमारे एक मीटर, म्हणजे बाराशे मीटरला सुमारे बारा मीटर, असे सांगत होते. उत्तर त्याच्याशी जुळते. टोकाला ९.३ मीटर दाब शिल्लक राहतो, तो ७ मीटरपेक्षा अधिक आहे.

प्रश्न येथे संपविता येईल, परंतु संपवू नये. एक स्लाइड अशी हवी, की जिच्यावर त्याहून लहान व्यास घेतला तर काय होते, ते दिसावे. व्यास ८० मिलिमीटर घेतला, तर पाणी वाहण्यासाठी मिळणारे क्षेत्र सुमारे दोन तृतीयांशापेक्षाही कमी होते. तेवढेच पाणी नेण्यासाठी वेग १.५९ मीटर लागतो आणि घट ३८.७ मीटर होते. उपलब्ध उंची २२ मीटर असताना ३८.७ मीटर घट होऊच शकत नाही. याचा अर्थ ती जलवाहिनी तेवढे पाणी नेणारच नाही. टोकाला ७ मीटर दाब राखावयाचा, तर ती सेकंदाला जेमतेम ५ लिटर पाणी देईल आणि तीन तासांचे पाणी पुरे होण्यास साडेचार तासांहून अधिक वेळ लागेल. पुरवठा तीन तासांनीच बंद झाला, तर टाकीजवळची घरे आपले पाणी भरून घेतील आणि तूट टोकाच्या घरांच्या वाट्याला येईल.

एका अक्षराचा घोटाळा

हा पाठ स्लाइडवर मांडताना सर्वांत महागात पडणारी चूक घर्षणांकाच्या अक्षरात असते. काही पाठ्यपुस्तकांत हेच सूत्र पुढीलप्रमाणे दिलेले असते :

h_f = 4 f L V² / (2 g D)

दोन्ही सूत्रे बरोबर आहेत. दुसऱ्या सूत्रातील f हा पहिल्याच्या एक चतुर्थांश असतो, एवढाच फरक आहे. पहिल्यात ०.०२ असेल, तर दुसऱ्यात ०.००५. परंतु अध्यापकाने संकल्पनेची स्लाइड एका पुस्तकावरून आणि प्रश्नाची स्लाइड दुसऱ्यावरून घेतली आणि f चा अर्थ कोठेच लिहिला नाही, तर विद्यार्थी ०.००५ हा आकडा पहिल्या सूत्रात घालतो. घट चौपट कमी दिसू लागते.

वरच्या प्रश्नात याचा परिणाम काय होतो, ते पाहावे. ८० मिलिमीटर व्यासासाठी खरी घट ३८.७ मीटर आहे. चुकीच्या हिशेबात ती ९.७ मीटर दिसते. परवडणारी घट १५ मीटर असल्याने ८० मिलिमीटरची जलवाहिनी पुरेशी ठरते, आणि तिचा खर्चही कमी दिसतो. कागदावर सर्व काही सुरळीत असते. हिशेब तपासणारा अधिकारी केवळ गुणाकार-भागाकार तपासत असेल, तर त्यालाही चूक सापडत नाही, कारण गुणाकारात चूक नसतेच.

ही चूक ओळखण्याची खूण मात्र साधी आहे. वेग सेकंदाला १.५९ मीटर असताना बाराशे मीटरमध्ये केवळ ९.७ मीटर घट, म्हणजे शंभर मीटरला ०.८ मीटर. उदाहरणात मोठ्या व्यासात, कमी वेगाला शंभर मीटरमागे एक मीटर घट होत होती. व्यास लहान आणि वेग अधिक असताना घट कमी कशी झाली, हा प्रश्न पडला पाहिजे. उदाहरणाची स्लाइड वगळून थेट प्रश्नाकडे गेलेल्या विद्यार्थ्याला तो पडत नाही.

दुसरा घोटाळा व्यासाचा. सूत्रातील D हा आतला व्यास आहे. बाजारात प्लास्टिकचे नळ मात्र बाहेरच्या व्यासाने ओळखले जातात. ९० मिलिमीटरच्या नळाची भिंत ५ मिलिमीटर जाड असेल, तर आतला व्यास ८० मिलिमीटरच उरतो. हिशेबातून ९६.७ मिलिमीटर आले असता ‘शंभराच्या जवळचा’ म्हणून असा नळ घेतला, तर वर दाखविलेली सर्व तूट सोसावी लागते. अधिक दाबासाठी केलेल्या नळांची भिंत जाड असते, त्यामुळे बाहेरचा व्यास तोच राहूनही आतला कमी होतो. प्रश्नाच्या स्लाइडवर म्हणूनच ‘व्यास’ एवढेच न लिहिता ‘आतला व्यास’ असे लिहिणे आवश्यक आहे.

रिकाम्या जागांची स्लाइड

पूर्ण सोडविलेला प्रश्न दाखवून लगेच नवा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावयास देणे ही मोठी उडी ठरते. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणिताच्या विद्यार्थ्यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. नवख्या विद्यार्थ्यांना केवळ प्रश्न सोडवावयास लावण्यापेक्षा सोडविलेले प्रश्न अभ्यासावयास दिल्यास ते त्याच प्रकारचे पुढील प्रश्न अधिक लवकर आणि कमी चुका करून सोडवितात, असे त्यांना आढळले. नवखा विद्यार्थी उत्तर शोधण्याच्या धडपडीत इतका गुंततो, की रीत लक्षात ठेवण्यास त्याच्याजवळ अवधान उरत नाही, हे त्यामागील कारण सांगितले जाते.

यावरून स्लाइडच्या क्रमात आणखी एक पायरी सुचते. त्याच गावाचा प्रश्न पुन्हा द्यावा, परंतु लोकसंख्या २,००० करावी आणि सोडवणुकीतील शेवटच्या दोन पायऱ्या कोऱ्या ठेवाव्यात. विद्यार्थ्यांनी वहीत त्या भराव्यात आणि मगच उत्तर पडद्यावर यावे. पुढच्या प्रश्नात अधिक पायऱ्या कोऱ्या ठेवाव्यात आणि शेवटी केवळ चित्र द्यावे. विद्यार्थी तयार होत गेला की पूर्ण सोडविलेले प्रश्न त्याला अडथळा वाटू लागतात. तेव्हा ते कमी करणेच योग्य ठरते. द्वितीय वर्षासाठी केलेल्या स्लाइड अंतिम वर्षात जशाच्या तशा वापरता येत नाहीत, त्या यामुळेच.

मर्यादा सांगणारी शेवटची स्लाइड

प्रश्न सोपा व्हावा म्हणून जे गृहीत धरले, ते पाठाच्या शेवटी उघडपणे सांगितले पाहिजे. येथे सर्व पाणी टोकालाच काढले जाते, असे मानले. प्रत्यक्षात वाटेत फाटे आणि घरोघरच्या जोडण्या असतात. वळणे, झडपा आणि सांधे यांमधील घट सोडून दिली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घर्षणांक ०.०२ कायम राहील, असे मानले. लोखंडी जलवाहिनीत कालांतराने गंज आणि क्षारांची पुटे चढतात. घर्षणांक ०.०३ झाला, तर त्याच १०० मिलिमीटर जलवाहिनीत तेवढेच पाणी नेताना घट १९ मीटर होते आणि टोकाला ७ मीटरऐवजी जेमतेम ३ मीटर दाब राहतो. पुटांमुळे आतला व्यासही कमी झाला, तर स्थिती आणखी बिघडते. नव्या योजनेत पहिल्या वर्षी पाणी आले आणि काही वर्षांनी टोकाला येईनासे झाले, तर वाढलेल्या वापराबरोबरच हेही कारण तपासावे लागते.

ही तपासणी गावातही करता येते आणि तिला फार साधन लागत नाही. पुरवठा चालू असताना, बाकीच्या तोट्या नेहमीप्रमाणे वाहत असताना, टोकाच्या घरच्या तोटीला पारदर्शक नळी घट्ट जोडावी आणि तिचे दुसरे टोक भिंतीच्या कडेने वर धरून उघडे ठेवावे. नळीत पाणी जमिनीपासून जेवढे चढून स्थिर राहते, तेवढे मीटर दाब तेथे शिल्लक आहे. तेच माप टाकीजवळच्या पहिल्या तोटीवर घ्यावे. दोन्ही ठिकाणच्या जमिनीच्या पातळीतील फरक हिशेबात घेतला, की मधल्या जलवाहिनीत किती उंची खर्ची पडत आहे, ते कळते. अंदाजपत्रकात लिहिलेल्या घटीशी हा आकडा ताडून पाहावा. तो बराच अधिक आला, तर आतला व्यास, घर्षणांक आणि प्रत्यक्ष विसर्ग या तीन गोष्टी पुन्हा तपासावयास हव्यात. पाठाच्या पहिल्या स्लाइडवरील चित्रातील त्या दोन उभ्या नळ्या त्या याच होत.